गोणी ५० किलोची, गुणोत्तर ०.५, पाणी मोजून २५ लिटर, तरी माल पातळ. चुकलं कुठे?

अर्धाबांधलेला
स्वतःच्या घराचं काम काढलंय. इंजिनिअरने एका गोणीच्या मालाचा कागद दिला आहे: सिमेंट ५० किलो, वाळू १०० किलो, खडी १६० किलो, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५०. म्हणजे पाणी ५० × ०.५ = २५ लिटर. इतकं तर मला शाळेपासून येतं.

काटा आणला, बादली काट्यावर ठेवून २५ किलोची खूण केली आणि मिस्त्रीला सांगितलं, याच्या वर थेंब नाही. पहिल्या दिवशी दोन कॉलम भरले. मिक्सरमधून माल पडला तो पसरलाच. घमेल्यातून ओघळत होता. कॉलम भरून अर्ध्या तासाने पाहिलं तर वर बोटभर गढूळ पाणी. मिस्त्री काही बोलला नाही, नुसता हसला.

तीन दिवसांनी पुढचे दोन कॉलम. मध्ये कडक ऊन पडलं होतं. तीच बादली, तीच खूण, तेच २५ लिटर. या वेळी माल इतका घट्ट की व्हायब्रेटर घातला तरी हलेना, आणि मिस्त्री पाइप हातात घेऊन उभा. कसाबसा थोपवला.

एकच हिशोब, एकच बादली, दोन दिवशी दोन तऱ्हा. गुणोत्तर चुकीचं आहे की मी?

सावकाश
पाण्यात कंजुषी करू नका हो. कॉलमला गोणपाट गुंडाळून दिवसातून तीनदा पाणी मारा, निदान सात दिवस. आमच्याकडे दोन दिवसांत सोडून दिलं आणि सगळीकडे केसासारख्या भेगा आल्या.

अर्धाबांधलेला
@सावकाश, ते मारतोच आहे. मी मिक्सरमध्ये घालायच्या पाण्याबद्दल विचारतोय.

सावकाश
अच्छा, मी घाईत वाचलं. चालू द्या.

मोजपट्टी
मूळ घोळ असा आहे की गुणोत्तर आकारमानाचं धरायचं असतं. गोणीतलं सिमेंट साधारण ३५ लिटर भरतं, फर्मा त्याच मापाचा असतो ना. त्याच्या निम्मे साडेसतरा लिटर. तुम्ही २५ घातलेत, मग पातळ होणारच.

घमेलं
साडेसतरा लिटरमध्ये दादा माल होत नाही, लाडू होतात. एकदा करून बघा.

क्यूबफोडे
मोजपट्टी, गोणी ३५ लिटर भरते हे बरोबर. पण गुणोत्तर वजनाला वजन असंच असतं. ५० किलो सिमेंट, ०.५, म्हणून २५ किलो पाणी, आणि पाण्याचा किलो म्हणजे लिटर. इथपर्यंत धागाकर्त्याचा हिशोब चोख आहे.

चोख नाही तो पुढचा समज. हे २५ लिटर म्हणजे सिमेंटच्या वाट्याला यायचं पाणी. बादलीतून ओतायचं पाणी वेगळं. वाळू ओली असेल तर ती स्वतःचं पाणी घेऊन मिक्सरमध्ये शिरते, आणि सिमेंटला ते पाणी बादलीतून आलं की वाळूतून याने काही फरक पडत नाही. उलट खडी कोरडी असेल तर तीच थोडं पाणी पिऊन बसते.

म्हणून कागदावरची १०० किलो वाळू आणि १६० किलो खडी एका ठरावीक अवस्थेतली धरलेली असते: दगडाच्या आत जेवढं पाणी मुरू शकतं तेवढं मुरलेलं, पण अंगावर थेंब नाही. पाण्यात भिजवून फडक्याने पुसलेला खडा डोळ्यांसमोर आणा. असा खडा पाणी देतही नाही, घेतही नाही. साइटवर अशी वाळू कधी मिळत नाही, म्हणून रोज दुरुस्ती करावी लागते.

पहिल्या दिवशीची वाळू कशी होती? त्याच ढिगातली अजून शिल्लक आहे का?

अर्धाबांधलेला
आदल्या रात्री ट्रक आला होता. खालून पाणी गळत होतं खरं. ढीग अजून आहे, वरून वाळलाय, पण हात घातला तर आत गार लागते.

क्यूबफोडे
मग आतली वाळू घ्या. वरची नको, तळाचीही नको, तिथे पाणी साचतं. ढिगात चार-पाच ठिकाणी हात कोपरापर्यंत घालून थोडी थोडी काढा, एकत्र करा आणि लगेच पिशवीचं तोंड बांधा. त्यातली बरोबर ५०० ग्रॅम तव्यावर पसरून मंद आचेवर हलवत राहा. रंग बदलला म्हणून थांबू नका, रंग फार लवकर बदलतो. वर काचेचा तुकडा धरा. काचेवर वाफ धरायची थांबली की पाच मिनिटं आणखी ठेवा, गार होऊ द्या आणि वजन करा.

खडीचंही तसंच करा, पण ती दोन किलो तरी घ्या. आणि जरा लांबून हलवा, ओली खडी तव्यावर तडकून उडते. माझ्या चष्म्यावर त्याची एक खूण आहे.

घमेलं
तवा, काच, चष्मा! ताई, आम्ही वाळू मुठीत दाबतो. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि हाताला पाणी लागलं तर बादली हात राखून ओतायची. गोळा फुटला तर पूर्ण. बावीस वर्षं साइटवर आहे, एक कॉलम पडला नाही.

क्यूबफोडे
मुठीवर माझा राग नाही. वाळू ओली की कोरडी हे ती नक्की सांगते. पण तीन टक्के की सहा टक्के हे सांगत नाही, आणि १०० किलो वाळूत त्याचा फरक तीन लिटर होतो. २५ मधले तीन.

द्वितीय_वर्ष
मला एक शंका. सिमेंटची रासायनिक क्रिया पूर्ण व्हायला त्याच्या वजनाच्या २५ टक्क्यांच्या आसपास पाणी पुरतं असं शिकवलंय. मग ५० किलोला साडेबारा लिटर. गुणोत्तर ०.२५ घेतलं तर सर्वांत मजबूत काँक्रीट मिळायला हवं. ०.५ का घेतात?

क्यूबफोडे
२५ टक्के जोडले जातात ते रासायनिक बंधात. पण सिमेंट भिजून जो गर तयार होतो तोही आपल्या सूक्ष्म छिद्रांत पाणी धरून ठेवतो, आणि ते पाणी पुढच्या क्रियेला मोकळं मिळत नाही. दोन्ही मिळून ०.४ च्या आसपास जातं. त्यावरचं पाणी फक्त माल हलावा, सळ्यांमधून खाली उतरावा यासाठी. तेच नंतर निघून जातं आणि मागे पोकळ्या ठेवून जातं.

०.२५ ला साध्या मिक्सरमध्ये माल एकजीव होणार नाही. दाबलाच गेला नाही तर आतल्या हवेच्या पोकळ्या पाण्याच्या पोकळ्यांपेक्षा वाईट. गुणोत्तर कमी तेवढी ताकद जास्त, हा नियम डफ अब्राम्सने १९१८ मध्ये शिकागोत मांडला, पण तो पूर्ण दाबल्या गेलेल्या मालाला लागू आहे. ही अट पुस्तकात असते, परीक्षेत कुणी विचारत नाही.

अर्धाबांधलेला
तवा झाला. बायकोने हाकलून दिलं, अंगणात चूल मांडावी लागली.

वाळू ५०० ग्रॅम होती, भाजून ४७० राहिली. ३० ग्रॅम पाणी, म्हणजे ३० भागिले ५००, ६ टक्के. खडी २००० ची १९९४ झाली. म्हणजे जवळजवळ कोरडीच.

तर आता १०० किलो वाळूत ६ लिटर पाणी. २५ मधून ६ वजा, बादली १९ लिटरची. बरोबर?

मोजपट्टी
बरोबर. ६ टक्के ओलावा, ६ लिटर.

क्यूबफोडे
जवळ आलात, पण त्यात दोन गफलती आहेत. नशिबाने दोन्ही फार मोठ्या नाहीत.

पहिली, भागाकार ओल्या वजनाने केलात. ओलावा कोरड्या वजनावर मोजतात: ३० भागिले ४७०, म्हणजे ६.४ टक्के.

दुसरी जरा जास्त महत्त्वाची. तव्याने वाळूतलं सगळं पाणी उडवलं, दाण्याच्या आत मुरलेलंसुद्धा. ते आतलं पाणी सिमेंटला कधीच मिळणार नव्हतं. ते वजा करावं लागतं. तुमच्या कागदावर वाळूचं आणि खडीचं शोषण लिहिलंय का?

अर्धाबांधलेला
हो, खाली बारीक अक्षरात आहे. वाळू १.० टक्का, खडी १.० टक्का. मला वाटलं ते आपल्या कामाचं नाही.

क्यूबफोडे
सगळं त्यातच आहे. आता सावकाश बघा.

कागदावरची १०० किलो वाळू ही पुसलेल्या खड्याच्या अवस्थेतली. त्यात १ टक्का आत मुरलेलं पाणी, म्हणजे पूर्ण कोरडी वाळू सुमारे ९९ किलो. तुमच्या ढिगातल्या ९९ किलो कोरड्या वाळूबरोबर ६.४ टक्क्यांनी ६.३ लिटर पाणी येतं. त्यातलं १ लिटर दाण्यांच्या आत. उरलं ५.३ लिटर, ते सिमेंटला मिळणार.

खडीचं उलटं. तिच्यात ०.३ टक्के पाणी आहे, पण तिला १ टक्का प्यायचं आहे. ०.७ टक्के कमी पडतं. १६० किलोवर ते १.१ लिटर, आणि ते ती तुमच्या बादलीतून घेणार.

म्हणून बादली: २५, वजा ५.३, अधिक १.१. आलं २०.८ लिटर.

आणि इथेच बहुतेक जण थांबतात. वाळूचं वजनही बदलायला हवं. तुम्ही काट्यावर १०० किलो ओली वाळू घेतलीत तर त्यातली सहा किलो पाणीच आहे, म्हणजे वाळू कमी पडली. ९९ कोरडी अधिक ६.३ पाणी, काट्यावर १०५ किलो यायला हवी. खडी उलट किलोभर कमी, १५९.

अर्धाबांधलेला
म्हणजे पहिल्या दिवशी मी किती पाणी घातलं?

क्यूबफोडे
वाळू १०० किलो ओली घेतली होती असं धरते, आणि तेव्हाही ओलावा इतकाच. खरं तर ट्रक नुकताच आला होता, तेव्हा जास्तच असणार. १०० किलोत सुमारे ९४ किलो कोरडी वाळू, ६ लिटर पाणी, त्यातलं लिटरभर आतलं. सिमेंटला साधारण ५ मिळालं. बादलीचे २५, वाळूचे ५, खडीने प्यायलेला १.१ वजा. २९ लिटर. भागिले ५०, गुणोत्तर ०.५८.

आणि उन्हाच्या दिवशी तुम्ही वरवरची वाळलेली वाळू उपसली असणार. ती अगदी कोरडी धरली तर तिनेच १ लिटर प्यायलं, कोरड्या खडीने दीडएक. २५ मधले साडेबावीस राहिले, म्हणजे ०.४५. घट्ट होणारच.

अर्धाबांधलेला
०.५८ आणि ०.४५. बादलीवरची खूण मात्र एकच. आता कळलं मिस्त्री का हसला.

घमेलं
हिशोब मानला. पण एक बोलू का. आमच्याकडे काट्यावर वाळू कोण मोजतं? फर्म्याने टाकतात. एक गोणी, तीन फर्मे वाळू, सहा फर्मे खडी, अशी वर्षानुवर्षं टाकली. आणि माझं निरीक्षण असं की वाळू ओली असताना माल खडबडीत होतो, खडी उघडी पडते. पाणी जास्त असेल तर उलट मऊ व्हायला हवा ना?

क्यूबफोडे
हे निरीक्षण सोन्याचं आहे. ओली वाळू फुगते. प्रत्येक दाण्याभोवती पाण्याचा पडदा असतो, तो दाण्यांना एकमेकांपासून लांब धरतो. पाच-सहा टक्के ओलाव्याला मध्यम वाळू पावपट तरी फुगते, बारीक वाळू त्याहून जास्त. म्हणजे तुमचे तीन फर्मे ओली वाळू ही खरी २.४ फर्मेच. वाळू कमी पडली, खडीला अंगावर घ्यायला मसालाच नाही. म्हणून खडबडीत. आणि मग तो मऊ करायला मिस्त्री काय घालतो?

घमेलं
पाणी.

क्यूबफोडे
हेच. मोजायचं असेल तर सरळ काचेच्या भांड्यात ओली वाळू न दाबता भरा, उंची बघा. समजा २० सेंटीमीटर. ती काढून त्याच भांड्यात निम्म्यापर्यंत पाणी घ्या आणि तीच वाळू परत त्यात सोडा, हलवून बसू द्या. १६ सेंटीमीटरवर बसली तर फुगवटा पावपट. मग फर्मे तीनऐवजी पावणेचार टाकावे लागतील. पाण्यात पूर्ण बुडाली की फुगवटा निघून जातो.

घमेलं
हे उद्याच करून बघतो. पण बादलीबद्दल अजून एक. कधी कधी २५ ला माल चालतच नाही. कॉलममध्ये सळ्या दाट, व्हायब्रेटरचं डोकं शिरत नाही. कागद म्हणतो पाणी वाढवू नका. मग काय, पोकळी ठेवू? शटर उघडल्यावर मधमाशांचं पोळं दिसलं की तोच मालक आमच्या नावाने बोंब मारतो.

क्यूबफोडे
पाणी वाढवा, पण एकटं नको. दोन लिटर पाणी हवंय तर त्याबरोबर चार किलो सिमेंट टाका. २७ भागिले ५४, गुणोत्तर ०.५० चं ०.५०.

घमेलं
चार किलो सिमेंटसाठी प्रत्येक मालाला नवी गोणी फोडायची? मालक सही करेल?

क्यूबफोडे
रोजच असं होत असेल तर मग मिश्रणच बदलायला हवं, वाळू थोडी वाढवा किंवा पाणी न वाढवता माल सैल करणारा प्लास्टिसायझर घ्या. पण आज, आत्ता, सळ्या दाट आहेत आणि माल उतरत नाही, तर चार किलो सिमेंट त्या कॉलमपेक्षा स्वस्त आहे.

घमेलं
इथे आपलं जमणार नाही ताई. तुमचं बरोबर असेल, पण दुपारी दोन वाजता मिक्सर चालू असताना मुकादम पाण्याचाच पाइप उचलतो. गोणी वीस पावलांवर असते.

उडती_राख
माझा प्रश्न यातच विचारतो. आमच्या कागदावर सिमेंट ३०० किलो, फ्लाय अॅश ८० किलो, गुणोत्तर ०.४५, सगळं एका घनमीटरला. मी ३०० × ०.४५ = १३५ लिटर काढलं. मिक्सरमध्ये अक्षरशः कोरडा भुसा. शेवटी पुरवठादाराच्या माणसाने काही न बोलता पाणी वाढवलं आणि माझी झोप उडाली. त्याने मला फसवलं का?

क्यूबफोडे
बहुतेक नाही. जिथे राख किंवा स्लॅग वेगळी लिहिली असते तिथे गुणोत्तर सगळ्या पावडरवर धरलेलं असतं. ३८० × ०.४५, १७१ लिटर. १३५ ने तुम्ही सगळ्या पावडरला ०.३६ वर आणून बसवलं होतं. तरीही कागदावर "सिमेंट" लिहिलंय की "एकूण पावडर", हे ज्याने कागद दिला त्याला विचारूनच ठरवा. राख कारखान्यातच सिमेंटमध्ये दळून गोणीत आली असेल तर हा प्रश्न येत नाही, गोणीचे ५० ते ५०.

उडती_राख
आणि प्लास्टिसायझरमध्येही पाणी असतं ना? ते वजा?

क्यूबफोडे
असतं. पण गोणीला एक टक्का डोस म्हणजे अर्धा किलो द्रव, त्यातलं पाणी ३०० ग्रॅमच्या आसपास. बादलीच्या खुणेत तेवढी चूक होतेच. साइटवर मी सोडून देते, प्लांटवर धरते.

द्वितीय_वर्ष
खडीच्या १.१ लिटरवर माझा आक्षेप आहे. शोषण चोवीस तास भिजवून मोजतात. मिक्सरमध्ये खडी दोन-तीन मिनिटं असते आणि तिच्यावर लगेच सिमेंटचा लेप बसतो. ती तेवढ्या वेळात पूर्ण टक्का कशी पिणार? तुम्ही १.१ वाढवून दिलं तर त्यातलं काही सिमेंटलाच मिळेल.

क्यूबफोडे
आक्षेप रास्त आहे. सुरुवातीची काही मिनिटं खडी भराभर पिते, मग सावकाश. माल ओतेपर्यंत अर्धा तास जातो, त्यात बरंचसं पिऊन होतं असा माझा अनुभव. पण सगळं पिते असं मी छातीठोक सांगणार नाही. आमच्याच लॅबमध्ये यावर दोन पक्ष आहेत. मी वाद टाळते: आदल्या संध्याकाळी खडीवर पाणी मारून ठेवते. मग ती प्यायलेलीच असते आणि सकाळी फक्त अंगावरचं पाणी मोजायचं.

मोजपट्टी
म्हणजे खडीवर पाणी मारायचं, वाळूवर नाही?

क्यूबफोडे
वाळूवर मारलं तर पाणी झिरपून तळाशी जातं आणि ढिगाच्या वर, मध्ये, खाली तीन वेगवेगळे ओलावे होतात. वाळू निथळू द्या आणि झाकून ठेवा.

अर्धाबांधलेला
आजचा अहवाल.

काल रात्री खडीवर पाणी मारलं, वाळूवर ताडपत्री. सकाळी परत चूल. वाळू ५०० ची ४७२, ओलावा ५.९ टक्के, आतला १ टक्का वजा, म्हणून ९९ किलोबरोबर सिमेंटला ४.९ लिटर. खडी २००० ची १९७४, म्हणजे १.३ टक्के. तिला आता काही प्यायचं नाही, उलट अंगावर ०.३ टक्के, सुमारे अर्धा लिटर ती देतेय. २५ वजा ४.९ वजा ०.५. बादली १९.६ ची.

मिस्त्री म्हणाला एवढ्यात माल होणार नाही. मी आधी १८ ओतले आणि बाकीचे शेवटी, नजर ठेवून. दोन मिनिटांनी माल फिरताना ड्रमच्या पात्यावरून गुबगुबीत पडायला लागला. इंजिनिअरकडून स्लम्पचा साचा मागून आणला होता. साचा उचलल्यावर माल ७ सेंटीमीटर बसला, सरळ, एका बाजूला न कलंडता. कॉलमवर वर पाणी आलं नाही, नुसती ओलसर चकाकी.

पहिला माल मात्र जरा घट्ट वाटला. पुढचे नीट आले.

घमेलं
पहिल्या मालात नेहमी असं होतं. कोरडा ड्रम मसाला अंगाला लावून घेतो. आम्ही पहिल्या मालाला थोडं सिमेंट-वाळू जास्त टाकतो. आणि दुपारी जेवणानंतर ड्रम धुतलात तर तळाचं पाणी उलटं करून काढा. दोन-तीन लिटर सहज राहतं, आणि ते तुमच्या कोणत्याच वहीत नसतं.

अर्धाबांधलेला
अरे देवा. दुपारी धुतला होता. जेवणानंतरचा पहिला माल थोडा सैल होता, मी वाळूला दोष दिला.

क्यूबफोडे
@घमेलं, ही गोष्ट मी सांगायला हवी होती. राहून गेली.

अर्धाबांधलेला
आता खरी काळजी. पहिल्या दिवशीचे दोन कॉलम, ०.५८ चे. त्यांचं काय करू? ताकद तपासायला मालाचे क्यूब भरले नव्हते.

मोजपट्टी
काही होत नाही. इतकी घरं अशीच उभी आहेत.

सावकाश
पाणी मारत राहा मात्र.

क्यूबफोडे
०.५० ऐवजी ०.५८ ने ताकद ढोबळमानाने सहावा हिस्सा घटते, सिमेंटप्रमाणे कमी-जास्त. ट्रकची वाळू त्याहून ओली असेल तर आणखी. तुमच्या कॉलमला तेवढी घट चालते का, हे इंजिनिअरने त्यावरच्या भाराच्या हिशोबात किती राखून ठेवलंय त्यावर अवलंबून. ते मी इथून सांगू शकत नाही आणि इथे कुणीच सांगू नये. वर बोटभर पाणी आलं होतं, म्हणजे वरचा थर सगळ्यांत कमकुवत. पुढची भरणी करण्यापूर्वी तो भुसभुशीत थर खडी दिसेपर्यंत छिन्नीने काढायला लावा.

हातोड्याची चाचणी करतील, पण ती पृष्ठभागाचंच सांगते, आणि ती २८ दिवसांनंतर करा. संशय राहिलाच तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा कापून तपासायला काढणं, हा पर्याय आहे. पण कॉलममधून कोअर काढायचा निर्णय इंजिनिअरचाच, सळी कापली गेली तर नवीन दुखणं.

घमेलं
वरचा थर खरवडायला सांगा, कोअर नको. बारीक कॉलमला भोक पाडून आपणच तो कमजोर करतो.

क्यूबफोडे
यावर मी घमेलं यांच्याशी निम्मी सहमत.

अर्धाबांधलेला
इंजिनिअरला वहीतले आकडे पाठवले. उद्या येतो म्हणाले, येताना हातोडा आणू नका, २८ दिवस व्हायचेत, असं मीच सांगितलं. छिन्नी आहे इथे. आणि एक विचारायचं राहिलं: आत्ता आभाळ भरून आलंय, वाळूवर ताडपत्री आहे, पण ढिगाच्या कडेने पाणी आत शिरतं. सकाळचा तवा दुपारी धरायचा का?

घमेलं
नाही. दुपारी परत चूल.